सुट्टीचं डोकं

कॉफी प्यायले की मला झोप यायला लागली होती. हे कुणाला सांगायचं म्हणजे हसं होणार, म्हणून मी सांगत नव्हते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही, समोर क्लासच्या पोरांच्या सायकली. सकाळी रक्त घ्यायचं आणि दुपारी स्लाईड बघायच्या. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, त्याला रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. कुठल्या जातीच्या किती, ते रिपोर्टवर लिहायचं. मोजताना बोलायचं नाही. आकडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

माझा आकडा तुटायला लागला होता. साठ-पासष्टपर्यंत जायचे आणि आत नुसता पांढरा धूर व्हायचा. मग उठायचं, स्टोव्हवर दूध ठेवायचं, त्यात दोन चमचे कॉफी. पुढं ते तीन झाले.

लॅबमध्ये माझ्याबरोबर एक दादा होते. हुपरीचे, घरी चांदीच्या पैंजणाचं काम, ते मात्र बारावीनंतर डिप्लोमा करून या लाईनीत आलेले. वयानं आणि नोकरीनं मला सीनियर. माझी बी.एस्सी. त्यांना फार बोचत नव्हती, पण सोडतही नव्हते.

“काय ग्रॅज्युएट, कितवा गिलास?”

“तुम्हाला काय करायचंय दादा?”

“मला काय करायचंय! त्या कोपऱ्यावरच्या गोठ्यातली म्हस काल इचारत हुती. म्हणली, ती वरची ताई बरी हाय न्हवं, माझं निम्मं दूध तीच पित्या.”

मी हसायचे. हसायची जागा कळायची म्हणून हसायचे. आत काही हलायचं नाही.

कॉफीचं आणि माझं नातं कबनूरच्या घरापासूनचं म्हणायचं तर ते खोटं होईल. आमच्या घरी कॉफी नव्हतीच. वडील यंत्रमागावर कापड विणायला, आई सुताच्या कांड्या भरायला, आणि घरात दिवसभर चहाचं पातेलं. कॉफी म्हणजे कुणाला ताप आला तर, नाहीतर एखादा साहेब दारात आला तर, दुकानातून एक पुडी आणायची. मी पहिली कॉफी घेतली ती कॉलेजला असताना, प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या सकाळी, मैत्रिणीच्या खोलीवर. लहान कप होता. त्या सकाळी मला सगळं स्वच्छ दिसलं. नळीतला रंग नेमका कुठं बदलला ते दिसलं. आमच्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या सगळ्या माणसांत पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगताना मी आजही आवाज खाली घेत नाही. पण कॉफी त्या पदवीबरोबरच घरात आली, हेही खरं. पाहुण्यांसमोर आई सांगायची, “तिला च्या नका दिऊसा, ती कापी पित्या.” ते मला आवडायचं.

नोकरी लागली आणि लहान कपाचा मोठा कप झाला, मोठ्या कपाचा स्टीलचा ग्लास. सकाळी उठल्यावर पहिला, लॅबला पोचल्यावर दुसरा, पुढचे सांगत बसत नाही. सुरुवातीला कॉफी मला वर न्यायची. नंतर नंतर खड्ड्यातून फक्त काठापर्यंत आणून सोडायला लागली, आणि दुपारी मी पुन्हा खड्ड्यात. त्याच हिवाळ्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. सगळे हात जोडून उभे, बुद्धवंदना चाललेली, आई पदरानं डोळे पुसत होती. मी बघत होते. एवढंच. जेवणात मीठ होतं की नव्हतं तेही मला सांगता आलं नसतं. मी समजत होते, थकले असेन. मग अजून एक ग्लास.

अशात डॉक्टर मॅडमनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. लॅब त्यांची होती. कमी बोलायच्या, पण बोलल्या की ते लेखी असल्यासारखं असायचं.

“मशीन घेतेय,” त्या म्हणाल्या. “पेशी आता मशीन मोजेल. मशीनला शंका येईल तेवढ्याच स्लाईड माणसानं बघायच्या. त्याला एक माणूस पुरे. दुसऱ्यानं रक्ताचं कलेक्शन करायचं, घरोघरी जाऊन. महिनाभर मी तुमच्या दोघांच्या स्लाईड परत बघणार आहे. मग ठरवेन.”

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, “म्हंजे एक भिंगावर, एक मोपेडवर. तुला गाडी येती न्हवं?”

“तुम्हाला तर चांगलीच येते.”

“मला कंबर हाय ताई. डॉक्टरनं सांगितलंय, खड्ड्यात जायाचं न्हाय. आन् कोल्हापुरात खड्डा सोडून रस्ता कुठं हाय?”

त्यांना ती भिंगापुढची खुर्ची हवी होती, मलाही हवी होती. कलेक्शनला मी कमी समजत नाही. पण वडिलांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं, “आमची पोरगी भिंगावर असती.” शाळेत असताना सूक्ष्मदर्शक मी फक्त कपाटाच्या काचेतून बघितलेला. त्या खुर्चीवर बसायला मी शिकले होते. ती अशी, आकडा तुटतो म्हणून, हातची जाणार असेल तर बी.एस्सी. काय चाटायची?

मॅडमनी माझ्या दुपारच्या स्लाईड परत बघितल्या. चूक नव्हती. पण वेळ दुप्पट लागत होता, आणि त्यांनी ते बघितलं. मी स्टोव्हपाशी उभी असताना त्या मागं येऊन थांबल्या.

“ही कितवी?”

मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती.

“आणि उपयोग होतो?”

“नाही मॅडम. म्हणून तर कडक करते.”

त्यांनी दार थोडं उघडलं आणि वेटिंगकडं बोट केलं. बाकडी भरलेली होती, दोन बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“बघ. मेंदूत अशाच बसायच्या जागा असतात, खुर्च्या म्हण. दिवसभर जागं राहिलं की शरीरात एक पदार्थ साठत जातो, ॲडेनोसिन. तो येऊन या खुर्च्यांवर बसला की आपल्याला थकवा कळतो, झोप येते. कॉफीतलं कॅफीन दिसायला त्याच्यासारखंच. ते आधी येऊन खुर्ची अडवून बसतं. थकवा दारात उभाच राहतो. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याला जागा मिळत नाही. कळलं?”

“हो.”

“आता रोज खुर्च्या अडल्या तर मी काय करीन? जास्त खुर्च्या मागवीन. मेंदू तेच करतो. मग तुझ्या नेहमीच्या कॉफीनं सगळ्या अडत नाहीत, उरलेल्यांवर थकवा बसतो. तू कॉफी वाढवतेस, तो खुर्च्या वाढवतो. आता तू जी सकाळची पितेस ना, ती तुला तरतरी देत नाही. रात्रभर कॉफी नव्हती, त्याचा त्रास सुरू झालेला असतो, तो फक्त थांबवते.”

“मग?”

“बंद कर. आठवडा, दहा दिवस. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की जास्तीच्या हळूहळू निघतात. त्यानंतर लहान कपसुद्धा लागेल. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील. डोकं धरेल, मळमळेल, माणूस नको वाटेल. हळूहळू कमी करत गेलीस तर त्रास कमी, पण वेळ जास्त लागतो.”

वेळ माझ्याकडं नव्हता. मी रविवारला जोडून रजा घेतली आणि कबनूरला गेले. कॉफी त्याच दिवसापासून बंद. पदवीधर माणसानं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

घरी पोचले तर वडील आडवे. कपाळाला ओला फडका, खिडकीला आईची साडी लावलेली. त्यांच्या मागाला त्या दिवशी सुट्टी होती. आमच्या घरात याला नावच होतं, सुट्टीचं डोकं. आठवड्याला सुट्टी आली की आण्णांचं डोकं उठायचं. लहानपणापासून मी बघत आलेली. त्या दिवशी आम्ही पोरं बाहेर खेळायचो, आई पातेलं आपटायची नाही. वडील म्हणायचे, “आराम मला सोसत न्हाय. कामावर असलो की कसा घोड्यागत असतोय.” कुणी काही वेगळं म्हटलं नाही. आईला वाटायचं, आवाजाची सवय झालेली असती, शांत झालं की डोकं दुखतं. मलाही तेच बरोबर वाटायचं. मी तर विज्ञानाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझंही धरलं. डोळ्यांच्या मागून सुरू होऊन मानेपर्यंत. वडील पाळीवर निघाले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लाल पाकिटातली गोळी काढली.

“घे. मागावरची समदी हीच खात्यात. दुपारची येक, रातपाळी असली की दोन. डोस्कं बी हलकं, झोप बी न्हाय.”

घेतली. अर्ध्या तासात डोकं उतरलं. मला बरं वाटलं, मॅडमनी उगीच घाबरवलं असंही वाटलं. गल्लीतल्या चार दारांना जाऊन आले. “जयभीम ताई, कवा आलीस? बस की, च्या घे.” नाही म्हणायचं म्हणजे माणसाला नाही म्हटल्यासारखं. पोरगी शिकली आणि आमच्या घरचा चहा तिला चालत नाही, हे मला कुणाकडून ऐकायचं नव्हतं. सगळीकडं घेतला. निघताना आईनं दोन पाकिटं पर्समध्ये टाकली.

कोल्हापूरला येऊन आठवडा झाला. कॉफीचा थेंब नाही. डोकं धरलं की गोळी. दादांबरोबर चहा, त्यांनी मागवला की घ्यायचा. आणि आकडा तसाच तुटत होता. उलट जास्त. मी मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझा आवाज चढलेला असावा.

“मॅडम, आठवडा झाला कॉफी सोडून. काय फरक नाही.”

“डोकं दुखलं?”

“दुखलं. पण तसं काय नाही. एका गोळीत जातं.”

“कसली गोळी?”

पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. लांबूनच बघितली आणि चष्मा काढला.

“यात दुखणं कमी करायच्या औषधाबरोबर कॅफीन असतं. म्हणून तर एवढ्या लवकर उतरतं. कॅफीन सोडल्यानं दुखणारं डोकं कॅफीननंच उतरणार. बरं, चहा?”

“चहा असा काही नाही.”

“असा काही नाही म्हणजे किती?”

“मॅडम, चहा कोण मोजतं?”

हे मी खरंच म्हणाले. आमच्याकडं चहा मोजत नाहीत. चहा म्हणजे बस म्हणणं. तो काही पिणं नाही, खाणं नाही, व्यसन तर नाहीच.

“चहातही तेच असतं,” त्या म्हणाल्या. “कॉफीपेक्षा कपाला कमी, पण तू कप मोजतच नाहीस. तू काहीही सोडलेलं नाहीस. भांडं बदललंस.”

लाज वाटायला हवी होती, तीही नीट वाटली नाही. डोळ्यांपुढं वडील आडवे दिसत होते, कपाळावर फडका. मागावर दिवसभर चहा आणि गोळी. गोळी कामापुरतीच, म्हणून सुट्टीला गोळी नाही, चहाही उशिरा. दुपारपर्यंत डोकं. दुसऱ्या दिवशी कामावर पहिल्या गोळीला बरं. आराम सोसत नव्हता तो असा.

पुढच्या रविवारी जाऊन मी त्यांना सांगितलं. खुर्च्यांसकट सांगितलं. ते नीट ऐकून घेतात, मी सांगते म्हणून.

“म्हंजे हे डोस्कं गोळीनं जात न्हाय, गोळीनंच येतंय?”

“गोळी बंद झाली की येतं आण्णा. आठवडाभर सोसलं की मग येणार नाही.”

“आठवडा?” ते आईकडं बघून हसले. “ऐकलीस व्हय? आठवडाभर झोपा काढत माग चालवायचा. धोट्यात बोट गेलं म्हंजे? मालक म्हणंल, काय रं, कोण सांगितलंतं? म्हणायचं, आमच्या पोरीनं.”

“तसं नाही, हळूहळू कमी करत...”

“बाळा, मला सुट्टी येका दिसाची असती. तेवढ्यात डोस्कं दुखून हुतंय. त्याच्या म्होरलं जे काय चांगलं हुतंय म्हणतीस, ते दिस मला कोण देणार?”

आईनं विषय बदलला.

परत आल्यावर मी मॅडमना सांगितलं की मला आठवडाभर कलेक्शनवर टाका, स्लाईड दादांना द्या. त्यांनी विचारलं, “आत्ता? महिना संपत आलाय.” मी म्हटलं, मला माहीत आहे. डोकं धरलेल्या माणसानं मोजलेला आकडा मला माझ्या सहीखाली नको होता. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. तेव्हा मला भीतीही नीट वाटत नव्हती, म्हणून ते जमलं असेल.

“आयती खुर्ची दिलीस की ग्रॅज्युएट,” दादा म्हणाले. पण चेष्टा अर्धीच होती. थोड्या वेळानं म्हणाले, “लई दुखाय लागलं तर सांग. गल्लीबोळातलं कलेक्शन मी करतो.”

“कंबर?”

“कंबर काय, ती दुखायचीच.”

या वेळी सगळं बंद केलं. कॉफी, चहा, ती गोळी. मॅडमनी कॅफीन नसलेली साधी दिली होती, तीही कमीच घेतली. पहिल्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं झालं की मोपेडचा हॉर्नसुद्धा मी दाबायचा टाळला. एका घरी आजींच्या हाताला पट्टी बांधून मी शीर शोधत होते आणि जांभया थांबत नव्हत्या. “पोरी, तूच पड जरा हितं,” त्या म्हणाल्या, “माझं रगत कुठं पळतंय?” सून चहा घेऊन आली. मी नको म्हटलं. तिचा चेहरा पडला. मी सांगितलं, औषध चालू आहे, चहा बंद सांगितलाय. मग चाललं. औषध म्हटलं की सगळ्यांना चालतं. तिनं गरम दूध आणून दिलं.

त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. दुपारी खोलीवर येऊन पडायचे, पंखा फिरताना बघायचे. दुःख नव्हतं, राग नव्हता. कापसात गुंडाळल्यासारखं. तीन-चार दिवसांनी डोकं उतरलं, पण तरतरी आली नाही. आणखी काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी बसस्टॉपवर भजी तळल्याचा वास आला आणि मला कळलं की बरेच महिने मला वास असा आलेला नव्हता. भूक लागली. एवढंच झालं. मोठं काही नाही.

मशीन आलं त्या आठवड्यात मी पुन्हा भिंगावर बसले. सकाळी लहान कप घेतला, अर्धा चमचा कॉफी. थोड्या वेळानं स्लाईड लावली तर पेशीतल्या केंद्रकाच्या कडा पेन्सिलनं काढल्यासारख्या. शंभरपर्यंत गेले. आकडा तुटला नाही. दुसरी स्लाईड, तिसरी. मॅडम मागं येऊन उभ्या होत्या ते मला नंतर कळलं.

“रोज घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “रोज घेतलीस की पुन्हा तिथंच येशील. काम जास्त असेल त्या दिवशी घे. सुट्टीला अजिबात नाही.”

महिनाअखेरीला त्यांनी सांगितलं. मशीनच्या शंकेच्या स्लाईड मी बघायच्या. दादांनी लॅबमधलं कलेक्शन आणि मशीन दोन्ही सांभाळायचं, घरोघरी जायला त्या आणखी एक माणूस घेतील. कारण त्यांनी एकच दिलं, मला दिसत नव्हतं तेव्हा मी खुर्ची सोडली. दादा तिथंच उभे होते. त्यांनी मान हलवली, मशीनवरचं प्लॅस्टिक काढलं आणि म्हणाले, “ह्याला काय पाजायचं ते सांगा आधी. कापी का च्या?”

मी पुन्हा खुर्चीवर बसले. हवं होतं ते मिळालं होतं. आनंद होईल म्हणून मी थोडा वेळ थांबले, जशी पाहुण्याची वाट बघतात तशी. बाहेरच्या बाकड्यावर कुणाचं तरी मूल रडत होतं, बाप त्याला चिवडा दाखवत होता. मशीननं पहिली शंका काढली, दादांनी स्लाईड आणून दिली. मी तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली घेतलं आणि मोजायला लागले.